मदत हवी आहे: ब्रेकिंग क्लिप थंडावते कधी आणि परत टाकायची कधी?

आकडेमोड_धरमपेठ: नमस्कार. नागपुरातल्या एका स्थानिक बातमी चॅनलच्या टीमपुढे शनिवारी वीस मिनिटं बोलायचं आहे. मी सांख्यिकी शिकवते, न्यूजरूम कधी पाहिलेली नाही. ब्रेकिंगची क्लिप दोन-तीन तासांत बसते आणि ती परत टाकायची की नाही यावर डेस्कवर रोज वाद होतो, असं ते म्हणतात. त्यांनी एका क्लिपचे तासागणिक व्ह्यूज दिलेत. रात्री दहाला टाकलेली, रस्त्यावर साचलेल्या पाण्याची. पहिल्या तासात 4000, मग 2400, 900, आणि एक ते दोनमध्ये 300. म्हणजे सरासरी पाऊण तासाला निम्मी. पण सकाळी सात ते आठमध्ये तीच क्लिप 625 वर गेली, कुणी हात लावला नसताना. हे घसरणीत बसवू कसं?

बर्डीकर: ताई, यावर जुना अभ्यास आहे. लिंका छोट्या करून देणाऱ्या बिटलीने 2011 मध्ये लिंकांचं अर्धायुष्य, म्हणजे शिखर गाठल्यावर येणाऱ्या क्लिकपैकी निम्मे यायला लागणारा वेळ, काढलं होतं: ट्विटरवर 2.8 तास, फेसबुकवर 3.2, यूट्यूबवर 7.4. मग सरळ सांगा, फेसबुकवर दर तीन तासांनी परत टाकत जा.

रात्रपाळी_डेस्क: भाऊ, आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून तीन तासांचा नियम निघत नाही. ती सगळ्या प्रकारच्या लिंकांची सरासरी होती आणि तेव्हाचं फीड आजच्यासारखं नव्हतं.

ताई, तुमच्या आकड्यांत दोन गोष्टी मिसळल्यात. बातमी शिळी होते हे एक, आणि रात्री लोक झोपतात हे दुसरं. चॅनलला पावसाची बातमी नसताना त्याच तासांत एरवी किती व्ह्यूज येतात ते मागा. समजा दहाला 2000, अकराला 1500, बाराला 750, एकला 300 येतात. आता क्लिपच्या व्ह्यूजला त्या-त्या तासाच्या आकड्याने भागा: 2, 1.6, 1.2, 1. म्हणजे ओढ निम्मी व्हायला तीन तास लागले. बाकीची घसरण झोपेची आहे.

सकाळी सातला एरवी 2500 येत असतील तर 625 म्हणजे 0.25. दर तीन तासांना निम्मं धरलं तर नऊ तासांनी नेमकं इतकंच उरायला हवं. क्लिप परत उठलेली नाही, शहर उठलंय. डेस्क इथेच फसतो: सकाळी सातला परत टाकतो, आकडा वाढतो आणि श्रेय रिपोस्टला जातं. जुनी आणि नवी मिळून 625 च्या बऱ्याच वर गेली तरच रिपोस्टने काही आणलं म्हणायचं.

सावजी_रस्सा: माझी रश्श्याची क्लिप टाकून वर्ष झालं, अजून चालून राहिली. मग माझं अर्धायुष्य किती धरू?

रात्रपाळी_डेस्क: तुमच्याकडे लोक शोधत येतात, दादा. रश्श्याची गरज दर रविवारी नवी असते, तुंबलेल्या रस्त्याची त्या रात्रीपुरती. तुमच्या क्लिपला हा हिशेब लावू नका.

आकडेमोड_धरमपेठ: हे फार उपयोगी पडलं. मग परत टाकायची कधी, याचं उत्तर घड्याळात नाही का?

रात्रपाळी_डेस्क: अर्धं आहे. रात्री झोपलेल्या लोकांसाठी सकाळची एक खेप रास्त आहे, पण फक्त तेव्हाच, जेव्हा त्यांना आजही ती माहिती लागणार असेल. रस्ता अजून बंद असेल तर टाका, पाणी ओसरलं असेल तर ओसरल्याची नवी क्लिप करा. आणि दृश्यावरच तारीख-वेळ छापा. कॅप्शनमधली वेळ व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पुढे गेली की गळते. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. ते व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून पुन्हा फिरले तर नदीकाठचा माणूस रात्री सामान वर चढवायला लागेल. हे मला व्ह्यूजपेक्षा मोठं वाटतं.

बर्डीकर: हे पटलं. मग जुनी क्लिप उडवून नवी टाकावी ना, गोंधळच नको.

रात्रपाळी_डेस्क: मी उडवत नाही. लोकांनी पुढे पाठवलेली लिंक मरते, आणि खाली कुणी ‘आमच्या गल्लीत अजून पाणी आहे’ लिहिलेलं असतं तेही जातं. मी शीर्षकात ‘रात्री 10 ची स्थिती’ घालतो आणि नव्या क्लिपची लिंक पिन करतो.

मानेवाडा_रिपोर्टर: आमच्याकडे उलट करतात. शीर्षक बदललं तरी थंबनेलवर पाणीच दिसते आणि लोक तेवढंच पाहून फोन करतात. आम्ही खाजगी करून टाकतो.

आकडेमोड_धरमपेठ: दोन्ही बाजू टीमपुढे ठेवते, निर्णय त्यांनी घ्यावा. एक अडचण उरते. एरवीच्या व्ह्यूजसाठी त्यांनी मागचे दोन आठवडे दिलेत, त्यात गणपती विसर्जन आलं. त्या रात्री लोक उशिरापर्यंत जागे होते.

रात्रपाळी_डेस्क: तेवढे दिवस काढा, आणि शनिवार-रविवार वेगळे धरा. मग प्रत्येक वाराला एक-दोनच रात्री उरतील, तेवढ्यावर भरवसा कितपत ठेवायचा ते तुम्हीच आम्हाला सांगा.