सव्वा दोन क्विंटल म्हणजे 2.15 कसं?

उदगीरकडचा शेतकरी: मोंढ्यात सोयाबीन घातलं. मापाड्यानं सव्वा दोन क्विंटल पुकारलं, लिहिणाऱ्या पोरानं 2.15 मांडलं. भाव 4,400. पट्टी आली 9,460 ची. घरी लेकीनं धरलं, 9,900 पाहिजेत म्हणाली. मला तर वाटतं, हे सव्वा-पावणे हिशोबातून काढूनच टाकावं, सरळ किलो बोलावं. तुम्हाला काय वाटतं?

जुना दिवाणजी: काढू नका दादा. पोराच्या डोक्यात घड्याळ होतं. सव्वा दोन वाजले की मोबाइलवर 2:15 दिसतं, तेच त्यानं उतरवलं. तासाचा पाव 15 मिनिटं, क्विंटलचा पाव 25 किलो. ही चूक ओळखू येते, कारण तूट ठरलेली असते. सव्वाला 10 किलो, अडीच नि साडेला 20, पावण्याला 30. जुन्या पट्ट्या काढा, टिंबापुढं 15, 30, 45 दिसलं की तिथं वजन विचारा.

आणि शब्द गुणाकार सोपा करतो. पावणेतीन क्विंटल, भाव तोच. तीन क्विंटलचे 13,200, त्यातून एकाचा पाव 1,100 काढा. 12,100. मी पस्तीस वर्षं कागद न घेता असंच केलं.

शाळेतल्या बाई: काकांचं पटतं. मी मुलांना एवढंच सांगते, पावणे म्हणजे 25 वजा. पावणेदोनशे, 175. कोणी चुकत नाही.

जुना दिवाणजी: बाई, त्याच मुलांना पावणेदोन हजार विचारा. 1,975 सांगतील, खरे 1,750. शेवर बोलतोय तर शंभराचा पाव जातो, हजारावर बोलतोय तर हजाराचा. नुसते पावणेदोन किलो असतील तर किलोचा पाव, म्हणजे 250 ग्रॅम.

शाळेतल्या बाई: हो, हे माझं राहिलंच होतं. उद्या वर्गात विचारते.

औशाची वहिनी: आमचं जमिनीचं झालं. सव्वा एकर, 12 लाख एकरी. 1 एकर 10 गुंठे म्हणून कागदावर 1.10 लिहिलं आणि दिरानं तेच गुणलं, 13 लाख 20 हजार. एकराचे गुंठे 40, म्हणजे सव्वाचे 15 लाख होतात. इसार द्यायच्या आदल्या रात्री कळलं. आमच्यात तर सव्वा कोणी चुकीचा ऐकला नव्हता, टिंबानंच घात केला. मग काढायचं काय, सव्वा की टिंब?

उदगीरकडचा शेतकरी: वहिनी, दोन्ही नको. काट्यावर 225 दिसतंय, तेच लिहा ना!

जुना दिवाणजी: लिहायला किलोच बरे, हे मान्य. पुकार मात्र सव्वा दोनचीच राहू द्या. दहा काटे एकदम चालू असतात तिथं लांबलचक आकडे कानाला निसटतात.

उदगीरकडचा शेतकरी: माझं पुकारलेलंच तर लिहिताना बिघडलं, काका. ते काही मला पटत नाही. 440 मागायला सकाळी मोंढ्यात जातोय, पट्टी आणि काट्याची चिठ्ठी दोन्ही घेऊन.