मदत हवी आहे: बोक्याचं वय दातांवरून कळतं का? (जरा घाई आहे)

हर्णे_बंदर
बंदरावरचा एक बोका घरी आणलाय. डॉक्टरांनी तोंड बघून सांगितलं, 8-9 वर्षांचा असेल, आधी रक्त तपासू, मग भूल देऊन दात काढू. घरचे म्हणतात, म्हाताऱ्या मांजरावर एवढा खर्च कशाला. मला एवढंच सांगा, दातांवरून वय खरंच कळतं का, आणि हा किती वर्षांचा असेल? दात खराब आहेत, केस चिकटून गुठळ्या झाल्यात, दिवसभर झोपलेला असतो. गुरुवारी परत बोलावलंय. प्लीज लवकर.

तांडेल
दात खराब, केस खराब, झोपून राहतो. मग अजून काय बघायचं राहिलं? 8 काय, 10 पण असेल. डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय.

सुरंगी
"दात खराब" म्हणजे नक्की काय? पिवळे आहेत, झिजलेत, तुटलेत की पडलेत? पुढचे बारीक दात की मागच्या दाढा? हिरड्या कशा आहेत? तोंडाला वास येतो का, लाळ गळते का? वजन किती? रंग कोणता? यातलं काहीच नाही लिहिलंत तर कोण काय सांगणार.

गजालीकार
आधी माका सांगा, त्याका खावक काय घालतास? बंदरावरचा मांजार म्हणजे सुकी मासळी नि मीठच. मीठ बंद करा, केस आपोआप सुधारतले.

हर्णे_बंदर
@सुरंगी केशरी रंग. वजन 2.9 किलो, डॉक्टरांकडे केलं होतं. खालचे पुढचे बारीक दात दोन-तीन नाहीत. दाढांवर पिवळट तपकिरी थर आहे. लाळ गळते, वास तर विचारू नका. हिरड्या लाल आहेत. वय सांगा ना.
@गजालीकार उकडलेलं चिकन आणि बिनमिठाचा बांगडा देतेय. तो प्रश्नच नाहीये.

निवृत्त_पशुपर्यवेक्षक
ताई, "खराब" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. किटण, म्हणजे तो पिवळट थर, ही एक. दात झिजणं ही दुसरी. हिरड्यांची सूज ही तिसरी. वयाशी थोडाफार पक्का संबंध आहे तो झिजण्याचा. किटण साधारण वर्ष-दोन वर्षांत मागच्या दाढांवर दिसायला लागतं आणि पुढे वाढत जातं, पण खाणं आणि जात यांनुसार त्यात इतका फरक पडतो की त्यावरून आकडा काढायला मी जात नाही. हिरड्यांची सूज तर दीड वर्षाच्या मांजरालाही असते.

आता हे बघून सांगा. बोक्याला मानेपर्यंत टॉवेलात गुंडाळा. एकाने मागून डोकं धरायचं, दुसऱ्याने अंगठ्याने वरचा ओठ बाजूने मागे सरकवायचा. तोंड उघडायचा प्रयत्न करू नका, त्याला दुखतंय, चावेल. दोन-तीन सेकंद पुरतात, तेवढ्यात मोबाईलवर व्हिडिओ काढा. बघायचा तो सुळा. त्याचं टोक टोकदार आहे, गोल झालंय की मोडलंय? मोडलेलं आणि झिजलेलं यात गल्लत करू नका. भांडकुदळ बोक्याचा सुळा कुठल्याही वयात मोडतो, आणि मोडलेली कड वेडीवाकडी असते. झिजलेलं टोक गुळगुळीत असतं.

चावलाच तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजचं इंजेक्शन घ्या. बंदरावरचं मांजर आहे, हयगय नको.

तांडेल
पुढचे दात पडलेत ते नाही दिसत का तुम्हाला? तरुण मांजराचे दात पडत नाहीत.

निवृत्त_पशुपर्यवेक्षक
पडतात. हिरडी सुजून सैल झाली की पुढचे बारीक दात सगळ्यात आधी जातात, कारण त्यांची मुळं लहान. शिवाय मांजरांमध्ये दात मुळापासून विरघळत जाण्याचा आजार बराच दिसतो, त्यातही दात गायब होतात. दात पडलेत यावरून तोंड आजारी आहे एवढं कळतं, वय नाही.

सुरंगी
आणि डोळे बघा. अंधाऱ्या खोलीत, टॉर्च समोरून नको, बाजूने, हातभर लांबून धरायचा. समोरून मारला तर डोळ्याच्या मागचा पडदा चमकतो आणि काहीच दिसत नाही. मोबाईलच्या फ्लॅशने काढलेले फोटो म्हणूनच निरुपयोगी. दोन गोष्टी बघायच्या. बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाची आतली कड तरुण मांजरात रेखीव, गुळगुळीत असते, म्हातारपणी ती कुरतडल्यासारखी होते. आणि बाहुलीच्या आत निळसर करडी झाक आहे का. ती झाक साधारण दहाच्या पुढे दिसायला लागते.

मोरी_आणि_मी
मांजराचं एक वर्ष म्हणजे माणसाची 7 वर्षं. त्या हिशोबाने 8 वर्षांचा बोका 56 चा झाला. त्यात काय म्हातारा!

सुरंगी
सातचा हिशोब सोडा. पहिल्या वर्षात मांजर माणसाच्या पंधराएक वर्षांचं होतं, दुसऱ्यात चोविसाच्या आसपास, पुढे दरवर्षी चारेक धरतात. 8 म्हणजे साधारण 48. पण विचारलंय ते हे नाही.

हर्णे_बंदर
सुळे पाहिले. वरचे दोन्ही टोकदार आहेत, मुळाशी पिवळे. खालचा एक मोडलाय, कड वाकडी आहे. डोळ्यांची कड गोल, नीट. आत झाक नाही, एकदम स्वच्छ काळं. व्हिडिओत जांभई देताना मागे, जबडा जिथे जुळतो तिथे दोन्ही बाजूंना मांस लालबुंद, कच्चं दिसतंय. ओठांवर आणि नाकावर काळे ठिपके आहेत, ती घाण आहे का? निघत नाहीत.

निवृत्त_पशुपर्यवेक्षक
आता चित्र दिसतंय. ठिपके घाण नाहीत, घासू नका. केशरी मांजरांना असे चपटे काळे ठिपके येतात, वर्षभराच्या पुढे सुरू होतात आणि वाढत जातात. एखादा फुगीर झाला किंवा त्यावर जखम दिसली तरच दाखवा.

मागचं ते लालबुंद मांस महत्त्वाचं. नुसत्या किटणाने हिरडीची कड लाल होते, घशाजवळचा कोपरा असा कच्चा होत नाही. हा पूर्ण तोंडाचा दाह वाटतो, आणि तो तरुण मांजरांनाही होतो. तोंड दुखतं म्हणून तो अंग चाटत नाही, म्हणून केसांच्या गुठळ्या. तोंड दुखतं म्हणून पोटभर खात नाही, म्हणून 2.9 किलो आणि दिवसभर झोप. म्हणजे दात, केस आणि हालचाल हे तीन साक्षीदार एकाच घरातले, एकाने सांगितलेलं तिघं सांगतायत. या आजाराशी संबंध नसलेला साक्षीदार म्हणजे डोळा, आणि तो म्हणतो वय झालेलं नाही. वरच्या सुळ्यांची टोकंही तेच म्हणतात. 

एक राहिलं. गाल कसे आहेत? आणि गोट्या आहेत का, की आधीच ऑपरेशन झालंय? ऑपरेशनची खूण म्हणून कानाचं टोक कापलेलं आहे का?

हर्णे_बंदर
कान पूर्ण आहेत. ऑपरेशन झालेलं नाही. अंग हडकुळं, पण डोकं मोठं आणि गाल जाड, विचित्रच दिसतो.

निवृत्त_पशुपर्यवेक्षक
गाल जाड म्हणजे वयात येऊन बराच काळ झालेला बोका. दोनच्या खाली मी धरणार नाही. डोळे आणि सुळे बघता सहाच्या वर जायला कारण दिसत नाही. माझा अंदाज 2 ते 5. त्याहून बारीक आकडा बाहेरून बघून कोणी सांगत असेल तर सोडून द्या.

सुरंगी
वरची मर्यादा मी 7-8 पर्यंत ठेवेन. डोळ्यांतली झाक दहाच्या आसपास येते, म्हणजे झाक नाही यावरून फक्त "फार म्हातारा नाही" एवढंच ठरतं. आठ वर्षांच्या मांजराचे डोळेही स्वच्छ असू शकतात. आणि मऊ खाणाऱ्या मांजराचे सुळे फारसे झिजत नाहीत.

निवृत्त_पशुपर्यवेक्षक
डोळ्यांबद्दल मान्य. सुळ्यांबद्दल नाही, बंदरावरचं मांजर काटे चावतं. पण यावर एक उपाय आहे. दात काढायच्या आधी दातांचा एक्स-रे काढणार असतील तर डॉक्टरांना सुळ्याच्या आतली पोकळी बघायला सांगा. तरुण मांजरात ती रुंद असते, वय वाढतं तशी आतून भरत जाऊन अरुंद होते. किटणाचा, सुजेचा तिच्यावर तसा परिणाम नाही. मोडलेला सुळा मात्र त्यासाठी धरू नका, आतला गाभा मेला असेल तर पोकळी रुंदच राहते. वरचा शाबूत सुळा बघायचा. असं मशीन तालुक्याला मिळेलच असं नाही, आधी फोन करून विचारा.

तांडेल
पण हालचालीवरून कळतंच की. म्हातारं मांजर झोपतं, तरुण उड्या मारतं.

सुरंगी
उलटंही होतं. दहाच्या पुढच्या मांजराची थायरॉईड वाढली की ते रात्रभर ओरडत फिरतं, अधाशासारखं खातं आणि तरी वाळत जातं. बघणाऱ्याला वाटतं, काय चपळ आहे! हालचालीवरून तब्येत कळते, वय नाही.

गजालीकार
हळद-तूप लावन बघा तोंडाक. नायतर तापाची अर्धी गोळी.

निवृत्त_पशुपर्यवेक्षक
तापाची गोळी अजिबात नाही! पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्ध्या गोळीने जीव जातो. वाचणाऱ्या सगळ्यांनी लक्षात ठेवा. हळदीनेही काही होणार नाही, उलट त्या कच्च्या तोंडाला हात लावाल आणि चावून घ्याल.

हर्णे_बंदर
रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन 1.2, डॉक्टर म्हणाले किडनी ठीक आहे. म्हणजे तरुणच ना?

निवृत्त_पशुपर्यवेक्षक
नाही, किडनी ठीक म्हणजे भूल द्यायला एक अडचण कमी, एवढंच. तो इतका वाळलाय की क्रिएटिनिन थोडं कमीच दिसणार, कारण ते स्नायूंमधून येतं. डॉक्टरांना वजन लक्षात घ्यायला सांगा आणि लघवीची तपासणीही करून घ्या. दात काढण्याआधी एफआयव्ही आणि एफईएलव्ही या दोन्ही विषाणूंच्या चाचण्या झाल्यात का ते विचारा. अशा तोंडामागे कधी कधी तेही असतात, आणि पुढचं सगळं गणित वयापेक्षा त्यावर ठरतं. घरच्यांना सांगायचंच असेल तर "म्हातारा नाही, तोंड आजारी आहे" असं सांगा.

हर्णे_बंदर
त्या चाचण्या झालेल्या नाहीत. गुरुवारी विचारते. एक्स-रे त्यांच्याकडे नाही, चिपळूणला कोणाकडे आहे का?

मोरी_आणि_मी
चिपळूणचं माहीत नाही. पण विषय निघालाच आहे तर, आमच्या परड्यात एक पिल्लू आलंय, डोळे अजून निळे आहेत. किती दिवसांचं असेल?

सुरंगी
सहा-सात आठवड्यांनंतर निळा रंग बदलायला लागतो. पुढचे बारीक दात आणि सुळे दिसत असतील आणि दाढा नुकत्या वर येत असतील, तर साधारण 5-6 आठवडे. पिल्लांत दात वयाबद्दल खोटं बोलत नाहीत. वजन करून बघा, त्या वयात 500-600 ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, उपाशी असेल तर कमी. बाकीसाठी नवा धागा काढा, इथे ताईंना एक्स-रेचं उत्तर हवंय.