ढोबळ, स्थूल की एकूण? गर्डरच्या भोकांची वजावट

वसमतकरीण
मराठीतून शिकणाऱ्या डिप्लोमाच्या पोरांसाठी जुन्या रिव्हेटच्या गर्डरवर टिपणं लिहितेय. एका वाक्यावर अडले आहे. मी लिहिलं होतं, ‘आधी ढोबळ जडत्व-परिबल काढा, मग त्यातून भोके वजा करा.’ एका चांगल्या मुलाचं उत्तर चुकलं, आणि चूक माझ्या शब्दांत आहे असं मला वाटतं.

गर्डर असा: वेब १०० सेंमी उंच, १ सेंमी जाड. चार अँगल १५ बाय १५ चे, जाडी १.२, पाठ ते पाठ १०१ सेंमी. वर-खाली ४० बाय १.६ ची एकेक फ्लँज प्लेट. अख्ख्या छेदाचं परिबल साधारण ७,१९,७०० सेंमी⁴ येतं. प्रत्येक फ्लँजला एका छेदात २० मिमीचे दोन रिव्हेट, म्हणजे भोक २१.५ मिमीचं.

त्याने चारही भोकांचं क्षेत्रफळ २४ चौसेंमी काढलं, अख्ख्या छेदाचं ३६६. म्हणजे ६.६ टक्के, म्हणून परिबलही ६.६ टक्क्यांनी कमी केलं. वर म्हणाला, ‘मॅडम, ढोबळच आहे ना, एवढं चालतंय की.’ त्याने ढोबळ म्हणजे अंदाजे असं धरलं. ग्रॉस आणि डिडक्ट या दोन्हींना नेमका शब्द सुचवा.

पूर्णेकर
ताई, मी तीस वर्षं रेल्वेच्या पुलांवर काढली. ‘ढोबळ’ आधी काढून टाका. त्यात अंदाजाचा वास आहे, आणि हे परिबल तर चार आकड्यांपर्यंत नेमकं काढतात. ‘स्थूल’ पुस्तकी वाटतो, पण फसवत नाही.

मुलाची चूक मात्र शब्दाच्या पलीकडची आहे. परिबलात अंतराचा वर्ग असतो. ही भोकं प्लेट आणि अँगलच्या आडव्या पायातून जातात, म्हणजे लांबी २.८ सेंमी. एका फ्लँजमधल्या दोन भोकांचं क्षेत्रफळ १२.०४. त्यांचा मध्य गर्डरच्या मध्यरेषेपासून ५०.७ सेंमीवर. १२.०४ ला ५०.७ च्या वर्गाने गुणलं की ३०,९५० येतात, दोन्ही फ्लँजचे मिळून ६१,९००. उरलं ६,५७,८००. घट ८.६ टक्के झाली, ६.६ नाही. पोरांना एक खूण सांगा: फ्लँजच्या भोकांनी परिबलाची टक्केवारी क्षेत्रफळाच्या टक्केवारीपेक्षा जास्तच घटली पाहिजे, कारण भोकं काठाला असतात आणि वेबचं पोलाद मध्यात. कमी किंवा तेवढीच घटली तर कुठंतरी अंतर विसरलं.

परभणीचा सिव्हिलवाला
मी याच्या उलट केलं होतं. परीक्षेत भोकाचं स्वतःचं परिबल, रुंदी गुणिले उंचीचा घन भागिले १२, एवढंच वजा केलं. चार भोकांचं मिळून १६ आलं. सात लाखांतून सोळा! मी लिहिलं, ‘भोकांचा परिणाम नगण्य.’ सरांनी लाल शाईने अख्खं पान आडवं छेदलं होतं.

अंबाजोगाईचा वाचक
विषय गणिताचा असला तरी शब्दांकडे दुर्लक्ष नको. ‘वजा’ऐवजी शुद्ध ‘व्यवकलन’ वापरावं. आणि ‘वजा’ हा संस्कृत ‘वर्ज्य’चाच अपभ्रंश आहे, तेव्हा ज्यांना तोच हवा त्यांनी निदान ‘वर्जन’ म्हणावं. मुकुंदराजांच्या गावातून एवढा आग्रह धरतो.

नांदेडहून
दादा, ‘वजा’ अरबीतून आलाय. उर्दूत आजही पगारातून रक्कम ‘वज़ा’ करतात. त्याच अर्थाचा ‘मिन्हा’ माझे आजोबा हिशेबाच्या वहीत लिहायचे, ते निजामाच्या अमलात शिकलेले. आमच्याकडे हे शब्द घरचे आहेत, त्यांना परके म्हणू नका. ‘व्यवकलन’ ऐकून पोरगं पेन खाली ठेवील.

मोंढ्यातला
जालन्याच्या मोंढ्यात आमची अडत आहे. गर्डर मला कळत नाही, वजावट कळते. पोत्यामागे ठरलेलं वजन कापतो त्याला कडता म्हणतात. माल पोत्यात वर आहे का खाली, याच्याशी कडत्याला देणंघेणं नसतं. त्या पोराने कडताच लावला ना? मग ताई, ‘भोकांचा कडता’ असं लिहा की.

वसमतकरीण
भाऊ, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. म्हणूनच कडता लिहिता येणार नाही. इथं भोक कुठं आहे यालाच सगळी किंमत आहे.

साइटवरून, लातूर
तुम्ही सगळे दोन्ही फ्लँजची भोकं का वजा करायलाव? वरच्या फ्लँजमध्ये दाब असतो. रिपीट गरम मारतात, भोक भरून निघतं आणि दाब रिपिटातून पुढं जातो. फक्त खालची, ताणाकडची वजा करा. ३०,९५० कमी, संपलं.

पूर्णेकर
दाबाचं तुमचं बरोबर आहे. पण ‘संपलं’ नाही. एकाच बाजूची भोकं काढली की छेद सारखा राहत नाही, उदासीन अक्ष वर सरकतो. इथे १.७ सेंमी सरकेल. नव्या अक्षाभोवती आणखी हजारभर कमी होऊन परिबल ६,८७,७०० येईल. शिवाय खालच्या काठाचं अंतर ५२.१ चं ५३.८ होईल. दोन्ही मिळून ताण ८ टक्क्यांनी वाढतो. नुसते ३०,९५० वजा करून अंतर तेच ठेवलं तर वाढ साडेचार टक्केच दिसते.

खरं तर भोक जेमतेम इंचभराचं, त्याच्यासाठी अक्ष प्रत्येक रिव्हेटपाशी वर-खाली उड्या मारत नाही. म्हणून आयएस ८०० च्या १९८४ च्या आवृत्तीत सरळ वाट दिलीय: परिबल अख्ख्या छेदाचंच घ्या, आणि आलेला ताण फ्लँजच्या अख्ख्या आणि उरलेल्या क्षेत्रफळाच्या गुणोत्तराने वाढवा. फ्लँज म्हणजे प्लेट, दोन अँगल आणि अँगलांच्या मधला वेबचा तुकडा. तो इथे १४.५ सेंमीचा, कारण वेबचा काठ अँगलच्या पाठीपेक्षा अर्धा सेंमी आत आहे. सगळं मिळून १४७.६, त्यातून १२.०४ गेले, राहिले १३५.६. गुणोत्तर १.०९. म्हणजे परिबलातून काही वजाच करायचं नाही.

साइटवरून, लातूर
मग वेबमधून अँगल जोडणारे आडवे रिपीट? ते कोणीच धरले नाहीत.

पूर्णेकर
ते फ्लँजच्या रिव्हेटांशी आडवेतिडवे ठेवतात, एका छेदात दोन्ही येत नाहीत असं धरून मी सोडले. एका ओळीत आले तर धरायलाच पाहिजेत. अँगलच्या पाठीपासून ९ सेंमीवर एक ओळ असेल तर वर-खालची मिळून २५,००० ची आणखी घट. ताईंच्या नकाशात रिव्हेटांची मांडणी काय आहे?

वसमतकरीण
काका, नकाशाची ती बाजू फाटलीय. मुलांना दोन्ही प्रकार करायला सांगते.

वाक्य आता असं केलंय: ‘अख्ख्या छेदाचे परिबल काढा, प्रत्येक भोकाचे क्षेत्रफळ गर्डरच्या मध्यरेषेपासूनच्या त्याच्या अंतराच्या वर्गाने गुणून जे येईल ते त्यातून वजा करा.’ लांब झालं, पण कडत्याला जागा राहिली नाही.

अंबाजोगाईचा वाचक
‘अख्खा’ हा शब्द पाठ्यपुस्तकात शोभत नाही. ‘समग्र’ करा.

नांदेडहून
अख्खाच ठेवा. आणि ते रिव्हेट का रिपीट, हे तर राहूनच गेलं.