पट्टा बदलला तरी चट्टा तिथेच: चामडं, सिलिकॉन की स्टील?

वैशाली (बी ३०२): मंडळी, घड्याळाच्या पट्ट्याबद्दल विचारायचं आहे. मुलीच्या मनगटावर लाल चट्टा उठतो आणि फार खाजतो. आधी चामड्याचा पट्टा होता. घामाने होत असेल म्हणून सिलिकॉनचा बसवला, तरी दोन दिवसांत चट्टा परत आला. आता स्टीलची चेन घ्यावी का, की त्याने अजून वाढेल? हवा दमट आहे, दिवसभर घाम असतो.

डॉ. अनघा (ए ५०१): वैशालीताई, पट्टा घ्यायच्या आधी दोन गोष्टी सांगा. चट्टा नेमका कुठे आहे? डायलच्या मागे, पट्ट्याच्या पूर्ण गोलाईत, की मनगटाच्या आतल्या बाजूला बकलखाली? आणि घड्याळ काढून ठेवल्यावर किती दिवसांत जातो?

वैशाली: आतल्या बाजूला, बकलखालीच. साधारण चौकोनी. डायलच्या मागे काहीच नाही. घड्याळ काढून आठवडा झाला, बारीक पाण्याचे फोड होते ते सुकून खपली धरली आहे, पण डाग आणि खाज अजून आहे.

डॉ. अनघा: मग संशय पट्ट्यावर कमी आणि बकलवर जास्त. घामाने होणारा त्रास वेगळा दिसतो. पट्ट्याखाली घाम आणि साबण अडकून राहतो, त्वचा ओली राहून नरम पडते आणि घासली जाते. त्याचा लालपणा पट्टा जिथे घट्ट बसतो तिथे पट्टीसारखा पसरतो, खाजेपेक्षा चुरचुर जास्त असते आणि घड्याळ काढलं की बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत उतरतो. धातूची ॲलर्जी धातू टेकतो तेवढ्याच जागी उठते, बहुधा एक ते तीन दिवसांनी, आणि घड्याळ काढल्यावरही दोन-तीन आठवडे रेंगाळते. म्हणूनच लोकांची गल्लत होते. सोमवारी घातलेल्या घड्याळाची खाज बुधवारी सुरू होते आणि दोष बुधवारच्या घामाला जातो.

मुलीला खोट्या दागिन्यांनी कान चिघळणं किंवा जीन्सच्या बटणाखाली पोटावर खाज येणं, असं काही होतं का?

वैशाली: हो! कानात साधी कुडी चालतच नाही तिला. आणि जीन्सच्या बटणाचंही होतं.

डॉ. अनघा: मग निकेलची ॲलर्जी असण्याची शक्यता बरीच आहे. खात्रीसाठी पॅच टेस्ट असते. पाठीवर निकेल आणि इतर पदार्थांच्या छोट्या पट्ट्या ४८ तास चिकटवून ठेवतात आणि त्या काढल्यावर व नंतर पुन्हा एकदा त्वचा तपासतात. तोवर पाठ भिजवायची नसते. चट्टा ताजा असताना किंवा पाठीवर स्टिरॉइड मलम लावलेलं असताना ही टेस्ट करत नाहीत.

काका, मुलीच्या घड्याळाचं बकल कशाचं असेल?

पाटील काका, घड्याळ दुरुस्ती (सी १०१): बहुतेक स्वस्त पट्ट्यांवर, चामड्याच्या असो वा सिलिकॉनच्या, पितळेचं किंवा जस्ताच्या मिश्रधातूचं बकल असतं आणि त्यावर मुलामा. मुलाम्याखाली निकेलचा थर सर्रास देतात. नवं असताना ठीक वाटतं, पण बकलची आतली बाजू आणि मधली सुई रोज घासते. वरचा थर उडाला की घाम थेट निकेलला लागतो. घामात मीठ असतं, ते धातू झिजवून निकेल सोडवतं. म्हणून उन्हाळ्यात हे जास्त दिसतं. वैशालीताईंनी पट्टा बदलला, पण नव्या पट्ट्यावर बकल त्याच जातीचं आलं असणार. डायलच्या मागे चट्टा नाही, तेव्हा झाकण स्टीलचं असावं.

एक खूण लक्षात ठेवा. घड्याळाच्या मागे ‘स्टेनलेस स्टील बॅक’ कोरलेलं असेल तर फक्त मागचं झाकण स्टीलचं, बाकीची केस वेगळ्या धातूची असू शकते. ‘ऑल स्टेनलेस स्टील’ असेल तर केसही स्टीलची. बकलवर मात्र वेगळं लिहिलेलं बघा, केसवरच्या शिक्क्याचा बकलशी संबंध नसतो.

निखिल (ए २०४): काका, चुंबक लावून बघता येईल का? चिकटलं नाही तर निकेल नाही, असं?

पाटील काका: नाही निखिल, चुंबक इथे उपयोगाचा नाही. घड्याळाचं चांगलं स्टील म्हणजे ३१६एल चुंबकाला चिकटत नाही आणि त्यात साधारण १० ते १४ टक्के निकेल असतं. पितळही चिकटत नाही.

निखिल: १० ते १४ टक्के? मग स्टील तर सगळ्यात वाईट की!

डॉ. अनघा: त्वचेला धातूत किती निकेल आहे याने फरक पडत नाही, बाहेर किती सुटतं याने पडतो. ३१६एलवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ पण घट्ट पापुद्रा असतो, त्यामुळे निकेल फार थोडं सुटतं. मुलामा झिजलेलं बकल कितीतरी जास्त सोडतं. युरोपातला नियमही सुटणाऱ्या निकेलवरच आहे: त्वचेला बराच वेळ लागून राहणाऱ्या वस्तूंसाठी आठवड्याला दर चौरस सेंटिमीटर ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा. निकेलची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना ३१६एल चालतं. ज्यांना तेही चालत नाही, त्यांच्यासाठी टायटॅनियम.

घरी तपासायचं असेल तर निकेल टेस्ट किट मिळतं. त्यातल्या द्रावाने कापसाचा बोळा ओला करून बकलची आतली बाजू आणि सुई अर्धा मिनिट घासायची. बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. नाही झाला तर सुटतच नाही असं मात्र नाही, मुलामा शाबूत असेल तेव्हा फसवं उत्तर येतं. जुन्या, झिजलेल्या बकलवर उत्तर जास्त विश्वासाचं.

शुभांगी काकू (बी १०४): बकलला पारदर्शक नेलपॉलिश लावून चालत नाही का? असं ऐकलं आहे.

डॉ. अनघा: काकू, काही दिवस चालतं. पण बकल सतत वाकतं-घासतं, थर पहिल्यांदा निघतो तो सुईच्या टोकाला आणि कडेला, म्हणजे जिथे लागतं तिथेच. शिवाय नेलपॉलिशमधल्या रेझिनचीही काहींना ॲलर्जी असते. तात्पुरता उपाय म्हणून ठीक, रोजच्या घड्याळासाठी नको.

वैशाली: मग आता घेऊ काय?

पाटील काका: सिलिकॉनचा पट्टा आहेच, तो टाकू नका. फक्त बकल बदला. ३१६एलचं किंवा टायटॅनियमचं सुटं बकल मिळतं. पट्टा बकलपाशी किती रुंद आहे ते मोजून न्या. घड्याळापाशी २० मिमी असलेला पट्टा बकलपाशी बहुधा १८ किंवा १६ असतो, तिथे लोक चुकीचं माप आणतात. जुन्या बकलची पिन काढताना टोकदार हत्याराने पट्ट्याचं भोक फाटणार नाही एवढं बघा. पट्टा बकलभोवती कायमचा चिकटवलेला असेल तर मात्र पट्टाच बदलावा लागेल.

शुभांगी काकू: पण सिलिकॉनमध्ये घाम साचतोच ना? यांचं मनगट तर पांढरं पडतं.

पाटील काका: साचतो, काकू. सिलिकॉन स्वतः त्वचेला सहसा त्रास देत नाही, पण हवा जाऊ देत नाही. म्हणून आतून आडव्या खाचा किंवा आरपार भोकं असलेला पट्टा घ्यायचा आणि घट्ट बांधायचा नाही. पट्ट्याखालून करंगळी सहज सरकली पाहिजे. उन्हात मनगट सुजतं, सकाळी बसवलेलं भोक दुपारी घट्ट होतं. एक भोक सैल करायचं आणि घड्याळ मनगटाच्या हाडापासून कोपराकडे थोडं वर ठेवायचं. रोज पट्टा सौम्य साबणाने धुवून साबण पूर्ण निघेपर्यंत पाण्याखाली धरायचा. राहिलेला साबण घामापेक्षा जास्त चावतो. सॅनिटायझर किंवा क्रीम लावल्यावर हात कोरडा झाल्याशिवाय घड्याळ चढवायचं नाही.

पट्टा हातात घेऊन बघा. चिकट लागत असेल, उग्र वास असेल, तर तो सिलिकॉनच्या नावाखाली दुसरंच प्लास्टिक किंवा रबर असू शकतो. लेटेक्सची किंवा रबराची ॲलर्जी असलेल्यांनी ‘रबर’ लिहिलेला पट्टा टाळा.

निखिल: स्टीलची चेन मग कोणासाठी?

पाटील काका: भरपूर घाम येतो पण ३१६एल चालतं अशांसाठी मला तीच सगळ्यात बरी वाटते. कड्यांमधल्या फटींतून हवा जाते आणि धुतली की विषय संपला. घ्यायची तर क्लास्पमध्ये बारीक समायोजन असलेली. क्लास्पच्या बाजूला तीन-चार छोटी भोकं असतात, पिन एका भोकातून पुढच्यात नेली की दोनेक मिमी फरक पडतो. उन्हाळ्यात नुसती अख्खी कडी काढून किंवा घालून चेन कधी नीट बसत नाही. पत्रा दुमडून केलेल्या पोकळ कड्यांत मळ फार साचतो, भरीव कड्यांची घ्या.

आठवड्यातून एकदा चेन घड्याळापासून काढून कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून १० मिनिटं ठेवा, मऊ ब्रशने कड्यांच्या फटी घासा, धुवा, पूर्ण कोरडी करा. त्या काळ्या मळाने मनगट लाल झालं की लोक स्टीलला दोष देतात.

शुभांगी काकू: आणि चामडं? यांना तेच आवडतं.

पाटील काका: घामाच्या दिवसांत रोजसाठी नको. चामडं घाम पिऊन घेतं, आतून मीठ साचतं, तीन-चार महिन्यांत वास आणि भेगा. तो वास धुवून जात नाही. थंड, कोरड्या जागी बसून काम असेल तर वापरा, पण सलग दोन दिवस नको, एक दिवस आड सावलीत वाळू द्या. उन्हात किंवा ड्रायरने वाळवलं तर कडक होतं.

डॉ. अनघा: चामड्याबाबत आणखी एक. बहुतेक चामडं क्रोमने कमावलेलं असतं. क्रोमियमच्या ॲलर्जीत चट्टा पट्ट्याच्या पूर्ण लांबीला उठतो, बकलखाली चौकोनी नाही. अशांना वनस्पतींच्या सालीने कमावलेलं चामडं चालू शकतं, पण ते घामाने लवकर डागाळतं.

वैशाली, चट्टा पूर्ण बरा होईपर्यंत त्या हातात काहीच नको. नंतर नवं बकल लावून दुसऱ्या हातात पहिल्या दिवशी दोन तास, मग रोज थोडं वाढवत न्या, आणि तीन दिवस बकलखालची जागा बघा. तिथेच पुन्हा उठला तर टायटॅनियमकडे वळा आणि पॅच टेस्ट करून घ्या. आणि चट्टा कडेने गोल पसरत असेल, मधे साफ आणि कडेला खवले, तर तो नायटा असू शकतो. त्यावर घरातलं खाजेचं मलम लावू नका, बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं आणि नायटा त्याने पसरतो.

वैशाली: नाही, पसरत नाहीये. बकल बदलून घेते. काका, सध्याच्या पट्ट्याचं माप आत्ताच मोजलं, घड्याळापाशी २०, बकलपाशी १८.

पाटील काका: मग १८चं बकल घ्या. उद्या घड्याळ घेऊन या, पिना वाकलेल्या नाहीत ना ते बघून देतो. वाकलेली पिन पूर्ण बसत नाही, घड्याळ हातातून सुटतं.