मदत हवी आहे: एक्सेलमधल्या गँट चार्टच्या पट्ट्या भलत्याच महिन्यात जातायत

एसवाय_बीकॉम
कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा गँट चार्ट एक्सेलमध्ये करतोय. व्हिडिओत दाखवलं तसंच सगळं केलं, तरी पट्ट्या भलतीकडेच जातात आणि काही दिसतच नाहीत. उद्या सकाळी सरांना दाखवायचाय. शिवाय सर विचारणार की कुठलं काम लांबलं तर कार्यक्रम लांबेल आणि मंडपाला किती दिवसांची सवड आहे. ते चार्टवरून कसं सांगायचं? लवकर सांगा प्लीज.

साइटवाला
कुठला चार्ट घेतलास? कॉलम कोणते आहेत? कार्यक्रम कधी आहे? "भलतीकडे" म्हणजे नक्की कुठे? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

एसवाय_बीकॉम
Stacked Bar घेतलाय. A मध्ये काम, B मध्ये सुरुवात, C मध्ये दिवस. सुरुवातीच्या पट्टीला No fill दिलंय. कार्यक्रम ६ फेब्रुवारीला आहे. अक्षाचा Minimum 46023 ठेवलाय, म्हणजे १ जानेवारी. प्रायोजकांचं काम ५ जानेवारीला सुरू होतं, पण त्याची पट्टी मे महिन्यात दिसते. तालमी १० जानेवारीपासून, त्यांची पट्टी ऑक्टोबरात. डिझाइन आणि छपाई गायब.

तिखटमीठ
तारखांचा फॉरमॅट चुकलाय. B कॉलम निवड, Format Cells मध्ये जाऊन dd/mm/yyyy कर. झालं काम.

एसवाय_बीकॉम
केलं ताई. आता प्रायोजकांच्या ओळीत 01/05/2026 दिसतंय! आधी 5/1/2026 होतं. डिझाइनचं 17/01/2026 होतं तसंच आहे. चार्टमध्ये काहीच फरक नाही.

विदा_वाचक
या माहितीत सगळं उत्तर आहे. लॅपटॉपवर अमेरिकी पद्धतीच्या तारखा लावलेल्या आहेत, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. तू 5/1/2026 टाइप केलंस तेव्हा एक्सेलने ते १ मे म्हणून घेतलं. 10/1 चं १ ऑक्टोबर झालं. 17/01 मध्ये सतरावा महिना नसतोच, म्हणून ती तारीख न होता नुसता मजकूर राहिली. चार्ट मजकुराला शून्य धरतो, म्हणून ती पट्टी १९०० सालापाशी सुरू होते आणि तुझ्या अक्षाच्या डावीकडे, नजरेबाहेर राहते.

ओळखायची खूण सोपी आहे. कॉलमचं अलाइनमेंट तू बदललं नसशील तर खऱ्या तारखा सेलच्या उजव्या कडेला चिकटतात आणि मजकूर डाव्या. खात्री करायची असेल तर शेजारच्या कॉलममध्ये हे लिही:

```
=ISNUMBER(B2)
```

पण TRUE आलं म्हणजे तारीख बरोबर आहे असं नाही. १ मेसुद्धा TRUE च देईल.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे फॉरमॅट बदलला की फक्त दिसणं बदलतं, आतली तारीख नाही. त्यातून दिवस-महिना उलटल्याचं उघड झालं, एवढा उपयोग नक्की झाला. कामं आठ-दहाच असतील तर सगळ्या तारखा पुन्हा टाइप कर, पण 5-Jan-2026 अशा. महिन्याचं नाव लिहिलं की गोंधळाला जागाच राहत नाही.

एसवाय_बीकॉम
लॅपटॉप रूममेटचा आहे, असेल तसं. करतो.

जुनाखेळाडू
गँट म्हणजे हेन्री गँट, अमेरिकी अभियंता, १८६१ ते १९१९. पण कारोल आदामिएत्स्की या पोलंडच्या अभियंत्याने १८९६ मध्येच अशा धर्तीचा तक्ता केला होता. व्हायव्हात हे सांग, छाप पडेल.

साइटवाला
दादा, त्याला उद्या स्नेहसंमेलनाचा चार्ट दाखवायचाय. व्हायव्हा नाही.

एसवाय_बीकॉम
पट्ट्या जागेवर आल्या!! पण प्रायोजक सगळ्यात खाली आणि स्टेज उभारणी वर, असं उलटं दिसतंय. आणि सरांच्या प्रश्नाचं काय?

विदा_वाचक
डावीकडच्या कामांच्या नावांवर राइट क्लिक, Format Axis, मग Categories in reverse order वर टिक. तारखा वरच्या बाजूला जातील, जाऊ देत.

आता वाचणं. पट्टीची डावी कड म्हणजे काम सुरू, उजवी कड म्हणजे संपलं. कोणतं काम कशावर अडलंय हे मात्र Stacked Bar सांगत नाही, ते तुलाच माहीत असायला हवं. तुझ्या कामांचे दिवस आणि कोण कशावर अवलंबून, ते इथे टाक.

एसवाय_बीकॉम
प्रायोजक ५ जाने. पासून १२ दिवस. त्यांची नावं आली की पत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन, ४ दिवस. मग छपाई ४ दिवस, मग वाटप. मंडपाचं बुकिंग ८ ते १२ जाने., उभारणी ४ फेब्रु. पासून.

विदा_वाचक
म्हणजे प्रायोजक १६ ला संपतात, डिझाइन १७ ते २०, छपाई २१ ते २४. यात प्रायोजक दोन दिवस लांबले तर डिझाइन १९ ते २२ आणि छपाई २३ ला सुरू. पण २५ ला रविवार आणि २६ ला प्रजासत्ताक दिन, प्रेस बंद. छपाई २८ ला संपेल. वर दोन दिवसांची ढिलाई, खाली चार दिवसांचा उशीर. सरांना हेच दाखव.

हे आपोआप व्हायचं तर पुढच्या कामाची तारीख हाताने टाकू नकोस. B3 मध्ये =B2+C2 आणि B4 मध्ये =B3+C3 लिही. छपाई चौथ्या ओळीत आहे असं धरून, H2 मध्ये 26-Jan-2026 टाक आणि C4 मध्ये हे:

```
=WORKDAY.INTL(B4-1,4,11,$H$2)-B4+1
```

11 म्हणजे फक्त रविवारची सुट्टी.

तिखटमीठ
एवढं कशाला? दिवसांच्या कॉलममध्ये NETWORKDAYS वापर. आमच्या ऑफिसात तेच चालतं.

विदा_वाचक
कामाचे दिवस मोजायला ते ठीक आहे, पट्टी काढायला नाही. अक्ष कॅलेंडरचा प्रत्येक दिवस मोजतो, सुट्टीसुद्धा. २३ पासून कामाचे ४ दिवस दिलेत तर पट्टी २६ ला संपलेली दिसेल, आणि त्या दिवशी प्रेसला कुलूप असेल. पट्टीला ६ दिवस लागतात, वरचं सूत्र तेच देतं.

तिखटमीठ
आमच्याकडे पट्ट्या नसतात, नुसता तक्ता असतो. त्यामुळे हे कधी जाणवलं नव्हतं.

एसवाय_बीकॉम
सूत्र चाललं. प्रायोजकांचे १४ दिवस केले की छपाई सरकून २८ ला संपते. मग मंडपाला १३ जाने. ते ३ फेब्रु., म्हणजे २२ दिवसांची सवड. बरोबर ना?

विदा_वाचक
आकडा बरोबर आहे.

साइटवाला
आकडा बरोबर, पण त्यावर विसंबू नकोस. लग्नाच्या तिथी असल्या की मंडपवाले आधीच भरलेले असतात. आमच्या वेळी "अजून वेळ आहे" म्हणत थांबलो आणि आयत्या वेळी दुप्पट पैसे मोजून दुसऱ्या गावचा मंडप आणला. बुकिंग १२ लाच उरक आणि सवड शून्य दाखव.

विदा_वाचक
शून्य दाखवली तर चार्ट खोटं बोलतो. सवड २२ च ठेव आणि बुकिंगची शेवटची तारीख म्हणून वेगळी ओळ घाल, १ दिवसाची, लाल रंगात.

साइटवाला
लाल ओळ बघून कोणी हलत नाही. मुलं सवड बघतात आणि थांबतात.

जुनाखेळाडू
पोलीस परवानगीचं काम यादीत दिसत नाही. मोकळ्या मैदानावर ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावे लागतात, त्यामुळे कार्यक्रम किती वाजता संपवायचा हेही आताच ठरवून टाक.

एसवाय_बीकॉम
परवानगीची ओळ राहिलीच होती, घालतो. पण अर्ज किती दिवस आधी करायचा? आणि मंडपाचं लाल ओळ की शून्य, ते कोणीतरी एक सांगा.