प्रतिसाद: शेवटचा मेल आणि अर्धवट राहिलेलं काम

> भांडण काही नाही, फक्त एकत्र काम थांबवतोय. शेवटच्या मेलमध्ये थँक्स म्हणून हिशोबाचं कसं काढू? ऑकवर्ड वाटतं.

वर सगळ्यांनी बिलांचं सांगितलंय पण बिलं सोपी असतात हो, अडतं ते अर्धवट कामावर. माझं एका डिझायनरसोबत असंच झालं, १० पानांचं ठरलेलं, ६ फायनल, २ कच्ची आणि २ सुरूच नाही झालेली. मी नुसतं "उरलेलं बघून घेऊ" लिहिलं आणि महिनाभराने कच्च्या पानांचं पूर्ण बिल आलं, चूक माझीच.

आता मी आधी दोन ओळी थँक्स लिहितो, पण नेमकं, म्हणजे "त्या लाँचच्या वेळी तुम्ही रात्री बसून फाईल दिलीत" असं. मग सरळ लिहायचं: ६ पानांचे पूर्ण पैसे, कच्च्या २ चे निम्मे, सोर्स फाईल्ससकट, उरलेली २ रद्द, पेमेंट अमुक तारखेला. निम्मे का ते आधी फोनवर बोलून घ्या, मेलमध्ये घासाघीस नको.

शेवटी "यात काही राहिलं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर बरोबर आहे एवढा रिप्लाय द्या" हे टाकाच. समोरच्याने गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. आणि शेअर्ड ड्राइव्हचा ॲक्सेस फाईल्स मिळाल्यावरच काढा, आधी नको 😅