कान, कल्ले आणि कानशिलांचा जोड

«चेहरा नीट बसला, रंगही जुळला, तरी मुखवटा चढवल्यासारखा का दिसतो?»

छायाचित्रात एका फ्रेममधला चेहरा दुसऱ्या फ्रेममधल्या डोक्यावर बसवताना हा प्रश्न पडतो. त्यावर लेयर मास्कची कड आणखी मऊ करण्याचा उपाय गालावर चालतो, परंतु दोष बहुधा कानात असतो. मान खाली झुकली की कान डोळ्यांच्या तुलनेत वर सरकलेला दिसतो आणि मान वर केली की खाली येतो; त्यामुळे चेहरा एका फ्रेममधला आणि कान दुसऱ्या फ्रेममधला असला, तर पाहणाऱ्याला कारण न कळताही ते खटकते. एका लग्नाच्या समूहछायाचित्रात आजोबांचे डोळे मिटले होते, म्हणून मी त्यांचाच चेहरा पुढच्या फ्रेममधून घेतला. तिथे हनुवटी किंचित खाली होती आणि जुना कान बोटभर खाली लोंबल्यासारखा वाटू लागला. शेवटी कान आणि कल्ला चेहऱ्याच्याच फ्रेममधून एकत्र उचलले व जोड कानामागच्या केसांत लपवला.

कानशिलाची बाह्यरेषा आत घ्यायची असेल, तर आधी मागची पार्श्वभूमी वेगळ्या लेयरवर पूर्ण करावी, अन्यथा जुन्या त्वचेची फिकट किनार उरते. कल्ल्याची कड धूसर न करता एक-दोन पिक्सेलच्या ब्रशने, केसांच्या वाढीच्या दिशेने, विरळ केस काढावेत. पांढरे केस मात्र शेवटी आणि मोजकेच. तपासणीसाठी संपूर्ण डोके काळ्या रंगाने भरून पाहावे, कारण बाह्यरेषेतला खळगा किंवा फुगवटा तेव्हाच उघडा पडतो.